जा. क्र. ७ रद्द समजावे

माझ्या दोन्ही पायांची नखं सध्या निळी आहेत. काल मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे ऑडिटला गेलो होतो. तिथं गादीवर बसायचं, म्हणजे बूट-मोजे बाहेर. शेठजींनी नखांकडे एकदा पाहिलं, व्हाउचरची फाइल माझ्याकडे सरकवली आणि पोऱ्याला जवळ बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, "यांचा चहा कागदी कपात आण." बाकी सगळ्यांना काचेचे ग्लास. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या पोराला तशीही फार इज्जत नसते, पण साथीचा रोगी म्हणून चहा प्यायची पाळी अजून आली नव्हती.

याला कारण माझे घरमालक. मी कर्वेनगरात त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, ते माझ्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. दाराची बेल वाजवून बोलणं त्यांना पटत नाही. जे असेल ते व्हॉट्सॲपवर, लेखी, आणि जावक क्रमांक घालून.

"जा. क्र. १. विषय: मोरीतील गळतीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या मोरीतून आमच्या मोरीच्या छतावर पाणी उतरत आहे. तरी आपण स्नान आटोपशीर करावे. कळावे."

मी: काका, मी दोनच बादल्या वापरतो.

"जा. क्र. २. बादलीचा आकार कळवावा."

मी: १६ लिटर.

"जा. क्र. ३. म्हणजे ३२ लिटर. छतावरील ओल पाहता हा आकडा विश्वासार्ह वाटत नाही."

त्याच संध्याकाळी 'मोरी गळती (तातडीचे)' नावाचा ग्रुप निघाला. त्यात काका, काकू, मी, एक प्लंबर आणि न्यू जर्सीला असलेला काकांचा मुलगा. मुलाचा या मोरीशी संबंध काय, हे मी विचारलं नाही. तो आमच्या मध्यरात्री ग्रुप उघडायचा आणि कुठल्यातरी मेसेजला अंगठा देऊन जायचा. कुठल्या मेसेजला, हे बघायला मी सकाळी उठल्या उठल्या फोन उघडायला लागलो होतो, कारण त्यावरून वारं कुठल्या दिशेला आहे ते समजेल असं वाटायचं. समजलं कधीच नाही. त्यानं आरोपालाही अंगठा दिला आणि माझ्या बचावालाही.

काकांनी ग्रुपवर छताचा फोटो टाकला. तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो. ओलीच्या कडेकडेनं पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती आणि रेघेवर तारीख आणि वेळ. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पहिल्या रेघेच्या बाहेरून दुसरी रेघ, तिच्यावरही तारीख. छताचा समोच्च रेषांचा नकाशाच तयार झाला होता. शिवाय खाली टीप: "गळतीचा वेग मिनिटास ९ थेंब. मोजणी सकाळी ७ वाजता, स्टुलावर बसून." मला हसू आलं, पण हा प्रकार खरं तर शहाणपणाचा आहे. ओल वाढते आहे की वाळते आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. रोज बघणाऱ्याला तर ती रोजच वाढल्यासारखी वाटते.

त्या फोटोखाली काकूंनी एक ओळ लिहिली: "तिथली भिंत हाताला कोमट लागते आहे."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. लगेच खाली काकांचा जा. क्र. ४ येऊन पडला, आणि तो स्क्रीनभर होता.

जा. क्र. ४ मध्ये काकांनी गळतीचं शास्त्र मांडलं होतं. घरात पाणी दोन प्रकारचं. नळाला येणारं पाणी टाकीच्या दाबाखाली असतं, त्या पाइपला भोक पडलं तर ते रात्रंदिवस गळतं, कुणी आंघोळ करो न करो. वापरून नहाणीतून, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकातून, जाणाऱ्या पाण्याला असा दाब नसतो, ते वापर झाला तरच गळतं. म्हणून आधी गच्चीवरच्या टाकीतून माझ्याकडे येणारा कॉक रात्रभर बंद ठेवायचा. सकाळी थेंब थांबले तर दोष पाइपाचा. नाही थांबले तर दोष नहाणीचा, म्हणजे पर्यायानं माझा.

कॉक बंद झाला. मी पिण्याचं पाणी कळशीत भरून ठेवलं. सकाळी सातला: "जा. क्र. ५. मिनिटास ९ थेंब. तस्मात दोष आपल्या स्नानाचा."

मी: काका, रात्रभर पाणीच नव्हतं तर मी आंघोळ कशानं केली? पाइप बंद, नहाणी कोरडी. तरी ९ थेंब. म्हणजे हे तिसरंच पाणी आहे.

"जा. क्र. ६. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी उतरण्यास वेळ लागतो."

हेही खोटं नव्हतं. कोब्यात मुरलेलं पाणी दोन-दोन दिवस खाली ठिबकत राहतं. पण मुरलेलं पाणी उतरत असेल तर थेंब हळूहळू कमी तरी व्हायला हवेत ना? रात्रीही ९ आणि सकाळीही ९? हे मी लिहिलं. त्याला न्यू जर्सीहून अंगठा आला. काकूंनी लिहिलं, "भिंत अजून कोमटच आहे." मग सगळे प्लंबरच्या मागे लागले.

प्लंबरबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझे ५०० रुपये त्याच्याकडे गेले आहेत.

मी: दादा, कधी येताय?

प्लंबर: निघालोय.

हे सकाळी साडेनऊला. साडेअकराला मी विचारलं, कुठपर्यंत आलात?

प्लंबर: चौकात.

मी: कुठल्या चौकात?

उत्तरादाखल गणपतीचा फोटो आला, त्याखाली 'शुभ दिवस'. एक वाजता मी लिहिलं की मला ऑफिसला जायचं आहे, सरांनी अर्धाच दिवस दिलाय. त्यावर व्हॉइस नोट आली. पाठीमागं कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येत होती. "सायेब, ट्रॅफिक हाय वो." कुठल्या रस्त्यावर कुकर लावतात कोण जाणे.

तो आला तिसऱ्या दिवशी, न कळवता, मी दात घासत असताना. हातात पिशवी नाही, पाना नाही. खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या टाइलांवर टकटक करत निघाला. एक टाइल वाजवायची, कान लावायचा, मान हलवायची. पुढची टाइल. मी तोंडात फेस घेऊन उभा. असं बहुतेक मोरी वाजवून झाल्यावर तो मागं सरकला आणि म्हणाला,

"सगळं बद आवाज देतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे फोडावं लागंल."

"कुठली टाइल?"

"कुठली म्हणून काय विचारताय? सगळ्या. खालचा कोबा काढायचा, नहाणी नवी बसवायची, वॉटरप्रूफिंग, वरून नव्या टाइला. चाळीस हजार."

"पण गळतंय कुठून, ते तर बघा."

त्यावर त्यानं मला एक विचार ऐकवला. "पानी लबाड असतंय सायेब. हितं गळतंय आन तिथं दिसतंय. म्हनून आपन पान्याला शोधतच न्हाय. सगळंच फोडतो. मग पानी जाईल कुठं?"

मला यात तत्त्वज्ञान दिसलं, पण प्लंबिंग दिसलं नाही. नाण्याच्या आवाजावरून टाइल खालून पोकळ आहे एवढं कळतं, आणि जुन्या घरातल्या अर्ध्याअधिक टाइला पोकळच असतात. पाणी कुठं आहे ते नाणं सांगत नाही. त्यानं ५०० रुपये 'बघायचे' म्हणून घेतले, ते माझ्याकडून, कारण खाली काका देवपूजेला बसले होते. जाताना माझ्या आरशात बघून भांग पाडला आणि ग्रुपवर टाकलं: "पाहणी झाली. फोडणे."

आता चाळीस हजार कुणाचे, हा प्रश्न आला. आमच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये लिहिलं आहे की 'किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने स्वखर्चाने करावी'. किरकोळ म्हणजे किती, ते कुठंच लिहिलेलं नाही. माझा अनुभव असा, की मालकाच्या खिशातून पैसे जायचे असले की दुरुस्ती मोठी असते आणि तिला थांबता येतं. भाडेकरूच्या खिशातून जायचे असले की ती किरकोळ असते आणि उद्याच करायची असते. डिपॉझिट त्यांच्याकडे, किल्लीची जोडी त्यांच्याकडे, आणि पुण्यात बॅचलरला खोली मिळायची मारामार. 'फक्त फॅमिलीसाठी', 'रात्री दहानंतर येणार असाल तर फोन करू नये', 'मित्र चालणार नाहीत'. माणूस मुकाट्यानं किरकोळ दुरुस्ती करतो. मी नाही म्हणालो. लेखी. त्यावर आला तो जा. क्र. ७:

"आपण मूळ लातूरचे. आपल्या भागात पाण्याची सवय नसल्याने, येथे ते मुबलक पाहून हात सैल होणे स्वाभाविक आहे. तथापि त्याचा भुर्दंड मालकाने का सोसावा?"

रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून दिवा लावला आणि टाइप करायला बसलो. जशाच्या तसं देतो, शुद्धलेखन नंतर सुधारलं आहे.

"काका, २०१६ साली मी शाळेत होतो. एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर. अख्खा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता, आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो. आंघोळ केलेलं पाणी घमेल्यात धरायचो, त्यात कपडे, कपड्यांचं पाणी संडासला. माझी आई आजही तांदूळ धुतलेलं पाणी ओतून देत नाही. हात सैल तुमच्या गावचा आहे. मुठा कालव्याच्या कडेला राहून तुम्ही पाइप लावून गाड्या धुता. मला बाकी काहीही म्हणा, पाण्याचं म्हणू नका."

पाठवल्यावर पोटात गोळा आला. डिपॉझिट साठ हजार होतं. निळ्या टिका आल्या. वर 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. मग काहीच नाही. मी रात्री दीडपर्यंत भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती बघत बसलो.

सकाळी सहाला:

"जा. क्र. ८. जा. क्र. ७ रद्द समजावे."

मिनिटभरानं, जावक क्रमांकाशिवाय: "मी मांजरा प्रकल्पावर नोकरी केली आहे. धनेगावला. आमचा थोरला तिथलाच, अंबाजोगाईच्या दवाखान्यातला जन्म. २०१६ ला धरण कोरडे पडल्याचे फोटो पेपरात आले तेव्हा मी पेपर पुरता वाचू शकलो नव्हतो."

आणि लगेच: "तुझं गाव लातूर शहर की जवळपास?"

मी गाव सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. तिथल्या वाटेवरचं एक हॉटेल माहीत होतं, जे मला माहीत नव्हतं, कारण ते माझ्या जन्माआधीच बंद पडलेलं. कुंथलगिरीचा पेढा अजून तसाच मिळतो का, असं विचारलं. मी म्हणालो, मिळतो. त्यावर बराच वेळ काही आलं नाही, आणि मग आलं: "जा. क्र. ९. रंग परीक्षा आज रात्री."

धरणातून पाणी कुठून पाझरतं ते शोधायला पाण्यात रंग सोडतात आणि खाली तो कुठं निघतो ते बघतात. तीच परीक्षा माझ्या मोरीवर करायची. नहाणीचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याच्या बोळ्यानं गच्च बंद करायचं, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, इंचभर पाणी फरशीवर साठवायचं, त्यात रंग कालवायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. खाली रंग उतरला तर दोष फरशीचा, सांध्यांचा किंवा नहाणीचा. पाणी कमी झालं नाही आणि रंगही उतरला नाही, तर फरशी निर्दोष.

शहाणी माणसं यासाठी खायचा रंग वापरतात. काकांनी नातवाचा रंगपंचमीचा उरलेला रंग आणला. निळा. "छतावर ठळक दिसायला हवा," म्हणाले. पुडी मी सोडली. ढवळायला काठी मागितली तर ते दारातूनच म्हणाले, "काठी नको, सांधे उचकटतील. पायानं ढवळ." मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाणी बडवत मोरीभर फिरलो. ते दारात उभे राहून हातानं दिशा दाखवत होते. "कोपऱ्यात. कोपऱ्यात जा. तिथं पाणी मेलेलं असतं." माझ्या नखांचा इतिहास एवढाच. टाचा चार दिवसांत सुटल्या, नखं वाढून कापली जाईपर्यंत अशीच राहणार असं दिसतंय. काका म्हणाले, "रंग उत्तम प्रतीचा आहे."

चोवीस तास मोरी बंद. जा. क्र. १० आला: "स्नानास खाली यावे. वेळ ६.१०."

म्हणजे मी पहिल्यांदा त्यांच्या मोरीत गेलो. पेन्सिलीच्या रेघा प्रत्यक्ष पाहिल्या. छत ओलं, पण निळ्याचा मागमूस नाही. नळ सोडला तर कढत पाणी. गच्चीवर त्यांचं सोलर आहे, आणि 'सोलरचे पाणी परवानाधारकास मिळणार नाही' असं करारात स्वतंत्र कलम आहे. मी वर हीटरची कांडी बादलीत सोडून बसतो. अंग पुसताना तोल सांभाळायला ओल्या भिंतीवर हात टेकला.

भिंत कोमट होती.

मी टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आलो. काकू पोळ्या लाटत होत्या.

"काकू, भिंत गरम आहे."

"मी ग्रुपवर लिहिलंय. तीनदा," त्या म्हणाल्या आणि पोळी उलटली.

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. सोलरची लाइन गच्चीवरून खाली येते ती माझ्याच मोरीच्या भिंतीतून, टाइलच्या आत. तिचा कॉक वेगळा, गच्चीवर, सोलरच्या टाकीजवळ. म्हणून माझं पाणी बंद करून काही फरक पडला नव्हता, आणि निळं पाणी कितीही साठवलं असतं तरी पडला नसता. मी कांडी लावून पाणी तापवत होतो, आणि टाइलच्या पलीकडे, दीड इंचावर, काकांचं कढत पाणी माझ्या नावावर गळत होतं.

काका काही बोलले नाहीत. चप्पल घालून स्वतः गच्चीवर गेले, सोलरचा कॉक फिरवून आले. मग स्टूल, घड्याळ. ग्रुपवर: "सकाळी ८, मिनिटास ९ थेंब. दुपारी १२, मिनिटास ४. सायंकाळी ६, मिनिटास १. रात्री १०, निरंक." डागाकडे बघत बसण्यापेक्षा थेंब मोजणं का बरं, ते मला तेव्हा पटलं. थेंब एका दिवसात थांबले. डाग आजही तसाच आहे, आणि तो पुरता वाळेपर्यंत काका रंग लावू देणार नाहीत, नाहीतर लोणा फुटून पोपडे येतात.

प्लंबर पुन्हा आला. या वेळी गुडघ्याच्या उंचीवरच्या दोनच टाइला फोडल्या. आत जुनी लोखंडी पाइप, आणि वळणावरचा एल्बो गंजून तपकिरी चिखल झालेला. बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. खाली सुईएवढं भोक, कॉक उघडताच त्यातून गरम पाण्याची बारीक तार. गरम पाण्यात जस्ताचा मुलामा लवकर जातो, वर बोअरच्या पाण्याचा क्षार, आणि पाइप रोज तापून फुगते, रात्री आकसते. सांधा तिथंच सुटतो. तेवढा तुकडा कापून सीपीव्हीसीची प्लास्टिक पाइप घातली. बिल २,८०० रुपये, काकांनी दिलं. प्लंबर जाताना म्हणाला, "मी पयल्याच दिवशी म्हनलो होतो, फोडावं लागंल."

माझे ५०० मात्र राहिले ते राहिलेच. दोनदा विषय काढला. पहिल्यांदा काका म्हणाले, "ती पाहणी तू मागवली होतीस." दुसऱ्यांदा त्यांनी मला जेवायला वाढलं. एवढ्यावर ५०० रुपये फिटले असं त्यांचं मत दिसतं, माझं नाही. जेवण चांगलं होतं हे वेगळं.

रविवारी आता मी खाली असतो. मी एकदा निलंगा राईस करून नेला, तो काकूंना तिखट लागला आणि काकांनी दोनदा घेतला. पावसाळ्यात मांजऱ्याची पाणीपातळी रोज मी पाठवायची असं ठरलं आहे, आणि आकडा आला की काका वहीत लिहून घेतात. सोलरचं पाणीही मिळतं, खाली जाऊन, ६.१० ते ६.२०. वर लाइन काढून देण्याबाबत 'प्रकरण विचाराधीन' आहे.

परवा कराराचं नूतनीकरण निघालं. भाड्यात दहा टक्के वाढ.

मी: काका, आता तर आपली मैत्री आहे.

"जा. क्र. २३. मैत्री मान्य. वाढ कायम."

काकू: मी बघते.

मध्यरात्री न्यू जर्सीहून अंगठा आलाय. काकांच्या मेसेजला की काकूंच्या, ते बघायचं धाडस अजून केलेलं नाही.